फेरतपास नाही

माझ्या कादंबरीतलं कोर्टाचं प्रकरण माझ्या वकील मैत्रिणीने एका बैठकीत वाचून काढलं. अमरावतीच्या कोर्टासमोरच्या तिच्या छोट्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. तिने चष्मा कपाळावर चढवला, माझे अठरा कागद टेबलावर आपटून सरळ केले आणि म्हणाली, "निकाल तर पहिल्याच पानावर लागला वं. मंग बाकी सतरा पानं कायले लिहिली?"

मला राग आला. मला राग येतोच, आणि तो चेहऱ्यावर दिसतो हेही मला माहीत आहे. कॉलेजातल्या ग्रंथालयात नोकरी करून सुट्टीच्या दिवशी लिहिणारी बाई मी. सहा महिने त्या प्रकरणावर घासले होते.

"बापाच्या बाजूनं उभा केलेला हा वकील पाह्य," ती म्हणाली. "हा ओरडते, बोट दाखवते, टेबलावर हात आपटते. मावशीचा वकील बोलला की याची बोलती बंद. असा वकील मी तीस वर्षांत पाह्यला नाही. जो हरणार आहे त्याच्याजवळही बोलायले काही असतेच. काहीच नसतं तर केस इथवर आलीच नसती."

"त्या बापाकडे बोलायला काही नव्हतंच," मी म्हणाले.

"तुले कसं माईत?"

मला माहीत होतं, कारण तो बाप माझा होता.

हे तिलाही ठाऊक होतं. पण मी ते इतक्या सरळ कधी बोलले नव्हते. मी आठ महिन्यांची असताना माझी आई गेली. आईची धाकटी बहीण अकोल्याला होती, तिला मूलबाळ नव्हतं. तिने मला नेलं. बाबा अमरावतीत शिंपीकाम करत. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं, त्यांना मुलगा झाला आणि मी सहा वर्षांची झाल्यावर अकोल्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला, की मुलगी माझ्या ताब्यात द्या. वर्षभर तारखा झाल्या. दोन्हीकडची साक्ष झाली. आणि मग, वकिलांचा युक्तिवाद व्हायच्या आधी, बाबांनी अर्ज मागे घेतला. मी मावशीकडेच वाढले. आता बाबा वलगावला राहतात, माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर, आणि मी दसऱ्याला सोनं द्यायला जाते, चहा घेते आणि परत येते.

हा दुरावा एका कागदामुळे होता. पंधरा वर्षांची असताना मावशीच्या पेटीत मला बाबांच्या साक्षीची नक्कल सापडली. त्यातलं एक वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. 'हे म्हणणे खरे आहे की, मागील पाच वर्षांत मी एकाही सणाला मुलीस भेटण्यास अकोल्यास आलो नाही.' खाली बाबांची सही. ज्या माणसाला हे इतकं ठणकावून सांगता येतं आणि खाली सही ठोकता येते, त्याने अर्ज मागे घेतला यात नवल काय, असं मी तेव्हा ठरवलं. त्याला मी नकोच होते. त्या दिवसापासून अमरावतीहून आलेल्या कपड्याला मी हात लावला नाही.

ती नक्कल मी त्या दिवशी सोबत आणली होती, पुरावा म्हणून. घडीवर फाटलेली, पिवळी. मैत्रिणीपुढे ठेवली आणि ते वाक्य बोटाने दाखवलं.

तिने ते वाचलं. मग पूर्ण साक्ष वाचली. मग मला विचारलं, "हे वाक्य कोणाचं आहे?"

"बाबांचं. खाली सही आहे ना."

"हे वाक्य तुह्या मावशीच्या वकिलाचं आहे," ती म्हणाली. "तुह्या बाबाचा यात एकच शब्द आहे. 'हाव.'"

मला कळलं नाही. तिने पेन घेतलं आणि एका केसपेपरच्या पाठीवर दाखवलं. उलटतपासात समोरचा वकील प्रश्न विचारतो, आणि त्याला प्रश्नातच उत्तर घालायची मुभा असते. तो विचारतो, 'पाच वर्षांत तुम्ही एकाही सणाला मुलीला भेटायला आला नाहीत, बरोबर?' साक्षीदार म्हणतो, 'हाव.' न्यायाधीश हे लिहवून घेताना सहसा प्रश्न लिहीत नाहीत. प्रश्न आणि 'हो' मिळून एक वाक्य करतात, आणि ते साक्षीदाराच्या तोंडी घालतात. 'हे म्हणणे खरे आहे की' असं सुरू झालं, की समजायचं, विचारणारा दुसरा होता. शेवटी सगळं वाचून दाखवतात, साक्षीदार 'बरोबर आहे' म्हणतो आणि सही करतो.

"कोर्टातल्या प्रत्येकाले हे माईत असते," ती म्हणाली. "म्हणून कोणाले सांगायचं सुचत नाही. तू पंधरा वर्षांची पोर, तुले वाटलं बाबा उभा राहून भाषण देऊन राहिला."

"पण 'हो' तर म्हणाले ना? खरंच आले नव्हते."

"खरंच नसतीन आले. पण कावून नाही आले, ते कुठं आहे?" तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'फेरतपास : नाही.'

उलटतपासात अडचणीचं काही निघालं, तर ज्याने साक्षीदार आणला त्या वकिलाला पुन्हा उठून विचारता येतं, की बाबा रे, आता नीट उलगडून सांग. तो फेरतपास. बाबांच्या वकिलाने तो घेतला नव्हता. कदाचित नवीन काही निघालं तर समोरच्याला पुन्हा विचारायची संधी मिळेल, अशी भीती त्याला वाटली असेल. कदाचित जेवणाची सुट्टी झाली असेल. 'कावून', म्हणजे 'का', हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, म्हणून त्याचं उत्तर कागदावर आलं नाही.

मी घरी आले आणि दोन दिवस ती नक्कल पुन्हा पुन्हा वाचली. पस्तीस वर्षं मी ज्या वाक्यावर रागावून बसले होते, त्यातला माझ्या बापाचा वाटा एका शब्दाचा होता. स्वतःचीच इतकी लाज मला फार कमी वेळा वाटली आहे.

तिसऱ्या दिवशी अठरा पानं बाजूला ठेवली आणि मैत्रिणीने सांगितलं तसं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिची पहिली अट होती की आधी मुद्दे काढायचे. कोर्ट असंच करतं. भांडण कशाचं आहे ते प्रश्न घालून लिहितं, मग पुरावा. मी दोन मुद्दे लिहिले. अर्जदार बाप हा नैसर्गिक पालक आहे, तो पालक म्हणून नालायक असल्याचं कोणी दाखवलं आहे का? आणि मुलीचा ताबा त्याला देण्यात मुलीचं हित आहे का? लिहिल्याबरोबर मला दिसलं की बापाचा वकील पहिल्या मुद्द्यावर घट्ट उभा राहू शकतो आणि मावशीचा दुसऱ्यावर. कायद्यात दोघांनाही पाय रोवायला जागा आहे. दोघांनाही खोटं बोलायची गरज नाही.

दुसरी अट तिने फोनवर सांगितली. "ओरडणं काढ. आपल्याकडं ज्युरी नाही, ओरडून कोणाले दाखवायचं? दोघंही न्यायाधीशाशीच बोलतात, एकमेकांशी नाही. अन् हातोडाही काढ, तो आपल्या कोर्टात नसतेच." मी हातोडा काढला. त्या हातोड्यावर माझा फार जीव होता.

पण बापाच्या वकिलाच्या तोंडी घालायला माझ्याकडे अजून काही नव्हतं. कायदा होता, माणूस नव्हता. म्हणून एका रविवारी मी अकोल्याची बस धरली.

मावशी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. काका गेल्यापासून एकटी राहते, गुडघे दुखतात, पण जीभ शाबूत आहे. मी तिला नवा मसुदा वाचून दाखवला. मनात धाकधूक होती. ती त्या खटल्याबद्दल माझ्याशी कधीच बोलली नव्हती, आणि मी तिच्या शत्रूला वकील शोधून द्यायला निघाले होते. ती तुरीच्या शेंगा सोलत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "तुया बाबाचा वकील येडा हाये काय वं?"

"का?"

"फ्रॉकचं कावून नाही इचारत तो?"

मी विचारलं, कोणत्या फ्रॉकचं. तिने शेंगा खाली ठेवल्या.

"दर सणाले तुले फ्रॉक कुठून ये? अमरावतीहून. दिवाळी, दसरा, आखाडी, संक्रात. एकही सण खाली गेला नाही. भाऊजी सणाले येत नव्हते, कारण सणाले शिंप्याले उठून पाणी प्याले फुरसत नसते. साऱ्या गावाचे कपडे त्या आठ दिवसांत. ते सण सोडून येत, एखाद्या सोमवारी, दुकान बंद असलं की. तू लहान होती, तुले आठवत नाही. खरं तर तू त्यायले पाहून रडे, मंग ते कमी कमी येत गेले."

मला फ्रॉक आठवत होते. अमरावतीचे फ्रॉक, एवढंच आठवत होतं. बाजारातलं एखादं दुकान आठवावं तसं. ते बाबांकडून येतात हे ठाऊक होतं, पण सणाच्या गर्दीत मशीनवर वाकून ते त्यांनी स्वतः शिवले असतील, हे डोक्यात आलं नव्हतं.

"आणि ते मापात कसे यायचे?" मी विचारलं. "वर्षात एक-दोनदा पाहून?"

मावशी हसली, जरा लाजून. "मी माप धाडत होती. दर सणाच्या आधी दाराजवळ उभी करून टेपनं मोजत होती नाही काय तुले? छाती, खांदा, उंची. कार्डावर लिहून पोस्टात टाकत होती."

"केस चालू असतानाही?"

"केस मोठ्यायची. पोरीले कपडा तर लागतेच ना."

मी तिथेच रडले. मावशी म्हणाली, आता रडून काय होते, ते आंब्याच्या लोणच्याचं फडकं बांधून दे मले, हात पुरत नाही. मी बांधून दिलं.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत माझ्या डोक्यात उलटतपास तयार झाला होता. आता मैत्रिणीची तिसरी अट कामाला आली, की जे पुराव्यात नाही ते युक्तिवादात आणता येत नाही. फ्रॉकबद्दल वकिलाला शेवटी छान बोलायचं असेल, तर आधी ते कोणाच्या तरी साक्षीत यायला हवं. म्हणजे मावशी पिंजऱ्यात असताना बापाच्या वकिलाने विचारायला हवं. प्रश्न लहान, एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि उत्तर आधीच माहीत असलेलं. मी लिहिलं :

मुलीला सणाला नवा फ्रॉक येत असे? हो. तो अमरावतीहून येत असे? हो. अर्जदार स्वतः शिवून पाठवत? हो. पाच वर्षांत एकही सण चुकला नाही? नाही चुकला. फ्रॉक अंगाला बरोबर बसत? बसत.

इथे वकिलाने बसायला हवं होतं. मैत्रीण म्हणाली असती, बस, खाली बस. पण माझा वकील तरुण होता आणि सगळं मनासारखं चाललं होतं. त्याला आणखी एक हवं होतं. त्याने विचारलं, 'मग दूर राहणाऱ्या बापाला पोरीचं माप इतकं बरोबर कसं कळत असे?' उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासात विचारू नये, हे त्याला शिकवलेलं होतं आणि तो विसरला. मावशी म्हणाली, 'मी पाठवत होते.'

हे लिहून मी पेन खाली ठेवलं. एका उत्तरात दोन्ही बाजू उभ्या राहिल्या होत्या, आणि आता युक्तिवाद लिहायला मला काही शोधावं लागलं नाही.

अर्ज बापाचा, म्हणून त्याचा वकील आधी बोलला. त्याने समोरच्याची चांगली बाजू आधी स्वतःच मान्य केली. साहेब, या बाईंनी मुलीला जिवापाड सांभाळलं, याबद्दल माझ्या पक्षकाराच्या मनात कृतज्ञताच आहे. पण चांगला सांभाळ केला म्हणून बापाचं मूल बापाचं राहत नाही, असा कायदा नाही. बायको गेली तेव्हा आठ महिन्यांचं लेकरू एकट्या पुरुषाने बाईमाणसाच्या हाती दिलं, हे त्याने मुलीच्या हितासाठी केलं; तेच आज त्याच्याविरुद्ध कसं वापरायचं? सणाला आला नाही म्हणता, तर सणाला जे त्याच्या हातात होतं ते त्याने पाठवलं. आज घरात बाई आहे, मुलीला भाऊ आहे. आणि जी बाई खटला भरणाऱ्या माणसालाही माप पाठवते, ती मुलगी गेल्यावर दार बंद करणार नाही. मुलगी बापाकडे आली तर तिची मावशी तुटणार नाही. पण इथेच राहिली, तर मोठेपणी तिला बाप म्हणजे फक्त एक पार्सल आठवेल.

ते शेवटचं वाक्य मी परत वाचलं. ते खरं होऊन बसलं होतं.

मग मावशीचा वकील उठला. तोही शांत. साहेब, अर्जदार वाईट माणूस आहे असं आमचं म्हणणं नाही. माझ्या विद्वान मित्रांनी फ्रॉक दाखवला, मी तोच फ्रॉक उचलतो. कापड बापाचं, शिलाई बापाची. पण माप कोणी घेतलं? पोर दर तीन महिन्यांनी किती वाढते हे कोणाला ठाऊक होतं? ताबा म्हणजे वस्तू परत करणं नव्हे. ही मुलगी झोपताना कोणाच्या पदराचं टोक धरते, तिला दम लागला की कोणता काढा लागतो, शाळेत ती कोणत्या बाकावर बसते, हे अर्जदाराला त्यांच्या साक्षीत सांगता आलं नाही. तो त्यांचा दोष नाही. पण मुलीचं हित त्या माहितीत आहे. माझ्या पक्षकाराने बापाला मुलीच्या घरातून कधी हद्दपार केलं नाही. ती तेव्हा करत होती तसंच यापुढेही करेल. हे मूल एकदा आईपासून तुटलं आहे. त्याला दुसऱ्यांदा तोडू नका.

बापाच्या वकिलाला शेवटी थोडं उत्तर द्यायचा हक्क असतो. तो एवढंच म्हणाला की तोडा असं आम्ही म्हणत नाही, जोडायचं कोणत्या टोकाने हा प्रश्न आहे.

मैत्रिणीने हे सगळं ऑफिसात उभ्याने वाचलं. बाहेर तिचा पक्षकार वाट बघत होता. "मी न्यायाधीश असती तर निकाल राखून ठेवला असता," ती म्हणाली, आणि तिने माझ्या पाठीवर थाप मारली. मी तिला पस्तीस वर्षं ओळखते. अशी थाप पहिल्यांदाच मिळाली.

पण प्रकरण पूर्ण नव्हतं. प्रत्यक्षात हा युक्तिवाद झालाच नव्हता. दोघांची साक्ष संपली, न्यायाधीशांनी मुलीला स्वतः भेटायची तारीख दिली, आणि त्याच तारखेला बाबांच्या वकिलाने अर्ज मागे घेत असल्याची दोन ओळींची पुरसीस दाखल केली. पुरसीस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला लिहून दिलेली साधी चिठ्ठी. तीत कारण द्यावं लागत नाही. 'कावून' हा प्रश्न अजून शिल्लक होता, आणि तो मलाच विचारावा लागणार होता. मला भीती वाटत होती. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये, हे आता मलाही शिकवलेलं होतं.

दसरा नव्हता, काही नव्हतं, असा एक साधा मंगळवार पाहून मी वलगावला गेले. बाबा ओट्यावर उन्हात बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, दुकान केव्हाच बंद झालं, मशीन मात्र घरात आहे, कापड टाकून झाकलेली. मला अवेळी पाहून ते घाबरले.

"काय झालं बाई? मावशी बरी हाये ना?"

पहिला प्रश्न मावशीचा. मी म्हणाले, सगळे बरे आहेत, तुम्हाला काही वाचून दाखवायचं आहे. त्यांनी लगेच शर्टाची वरची गुंडी लावली, कोर्टात उभं राहायचं असल्यासारखी.

मी वाचलं. ते ओट्याच्या कडेकडे बघत ऐकत होते. मावशीच्या वकिलाचं संपलं तेव्हा म्हणाले, "याचं थोडं कमी पडलं."

"मावशीच्या वकिलाचं?"

"हाव. तारखेच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं उपाशी जाव. तर ती कोर्टाच्या व्हरांड्यात माह्यासमोर डबा ठेवे. भाकर अन् ठेचा. तिचा वकील चिडे तिच्यावर, की बाई हे काय करून राहिल्या तुमी. ते टाक त्यात. तिची बाजू मजबूत होईन."

मावशी त्यांच्या बाजूसाठी भांडली होती, आता हे तिच्यासाठी भांडत होते. मला हसू आलं. मी म्हणाले, "बाबा, तुमच्या वकिलाने तुम्हाला परत विचारलं नव्हतं. मी विचारू?"

"इचार."

"अर्ज मागे का घेतला?"

त्यांनी लावलेली गुंडी पुन्हा चाचपली. शेजारच्या घरात कोणी तरी भांडी घासत होतं.

"तुले जजसाहेबाच्या खोलीत नेणार होते त्या दिवशी. मी आलो तर तू व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती. निळा फ्रॉक. मीच शिवलेला. पाय जमिनीले पुरत नव्हते तुये. वकील मले म्हणे, आता साहेब पोरीले इचारतीन, बाबा पायजे का मावशी. मी म्हटलं, सात वर्षांच्या लेकराले असं कावून इचारा? काहीही सांगतलं तरी जन्मभर तिच्याच डोक्यावर राहीन, की मी एकाले नाही म्हटलं." त्यांनी दोन बोटं जोडून दाखवली. "त्या फ्रॉकले खालून दोन बोटं कापड दुमडून ठेवलं होतं मी, वाढत्या अंगाले. मले वाटलं, तुयी मावशी उसवून लांब करूनच घालीन ते. तिथंच वकिलाले म्हटलं, लिहून टाक."

मला ते बाक आठवलं. हिरव्या रंगाचं, थंड. कोणीतरी मला पाणी दिलं होतं, मग मावशीने हात धरला आणि आम्ही घरी आलो. मला काहीच विचारलं गेलं नाही, हे मला आयुष्यभर माहीत होतं. ते कोणी विचारू दिलं नाही, हे नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, बाबा, माझं चुकलं. त्यांनी नुसतं डोक्यावरून हात फिरवला.

मग मी मसुद्याच्या शेवटच्या पानाखाली एक कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं, 'फेरतपास'. या वेळी प्रश्नही लिहिला, पूर्ण, माझ्या नावावर. त्याखाली त्यांचं उत्तर, त्यांच्याच शब्दांत, 'कावून' सकट. साक्षीदाराला वाचून दाखवायचं असतं म्हणून वाचून दाखवलं. ते मान हलवत ऐकत होते.

"बरोबर आहे?" मी विचारलं.

"बरोबर हाये. सही कुठं करू?"

मी जागा दाखवली. त्यांनी सावकाश सही केली; नकलेतल्या सहीपेक्षा ती बरीच वाकडी आली. पेन परत देता देता त्यांनी माझ्या ब्लाऊजच्या खांद्याकडे पाहिलं. तो खांदा वर्षानुवर्षं घसरतो.

"हे कोणं शिवलं?" ते म्हणाले. मग कागद उलटून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन धरलं. "खांदा किती तुया?"

मला माहीत नव्हतं. मशीनच्या खणात टेप होता. मी तो आणला, त्यांच्या हातात दिला आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.